न हलणारी जागा

ड्रोनने बांधकामाची पाहणी करण्याच्या आमच्या धंद्याची पहिली ईमेल मी चाळीसेक बांधकाम कंपन्यांना पाठवली होती. सहा परिच्छेद, तीन फोटो, एक व्हिडिओची लिंक आणि शेवटी आमचा चकचकीत लोगो. तिच्यात त्रिमितीय मॉडेल होतं, 'प्रगतीचं संपूर्ण चित्र' होतं, 'निर्णयक्षमता' हा शब्दही होता. आज ती वाचताना लाज वाटते, कारण तिच्यात खोटं काहीच नव्हतं आणि तरी कुणाच्या कामाचं एक वाक्यही नव्हतं.

दोन आठवड्यांत दोन उत्तरं आली. त्यातलं एक विनोदीच होतं. 'आम्ही छोट्या पायलटपासून सुरुवात करू' असं मी लिहिलं होतं, त्यावर एका गृहस्थांनी विचारलं होतं की पायलट लहान का आणि त्याच्याकडे परवाना आहे का. ड्रोनच्या धंद्यात हा शब्द दोन अर्थांनी वापरू नये, एवढं त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी 'चाचणी' लिहितो.

दुसरं उत्तर एका प्लॅनिंग इंजिनिअर मॅडमचं होतं. तीन ओळींचं.

"फोटो आमच्याकडे खूप आहेत. मला परवा खोदकामाच्या ठेकेदाराचं बिल तपासायचं आहे. तुमच्या ईमेलमध्ये त्याचं उत्तर कुठे आहे?"

नव्हतंच. मी जोडीदाराला ते वाचून दाखवलं. आमची कंपनी म्हणजे आम्ही दोघंच. तो सर्व्हेमधला माणूस, मी उडवणारा आणि लिहिणारा. तो म्हणाला, "बाईंनी तुला प्रश्नपत्रिका दिली आहे, आता उत्तर लिही."

मग मी पहिल्यांदा नीट विचार केला की साइटवर ड्रोनला नक्की काय दिसतं. वरून दिसणारा पृष्ठभाग दिसतो, बस. खोदलेला खड्डा, भरलेली माती, वाळू-खडीचे ढीग, ओतलेल्या स्लॅबचा वरचा भाग, रचून ठेवलेलं सामान. स्लॅब पडला की त्याखाली काय चाललंय ते संपलं. प्लास्टर, वायरिंग, पाइप, फरशी यातलं काहीच वरून कळत नाही. बांधकामाच्या ज्या टप्प्यात काम आणि पैसा दोन्ही उघड्या आकाशाखाली असतात तो टप्पा म्हणजे मातीकाम, आणि नेमकं तिथेच मोजमापावरून भांडणं होतात. ठेकेदार डंपरच्या खेपा मोजतो, कंपनी खड्डा मोजते आणि दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

दुसरी ईमेल मी फक्त अकरा जणांना पाठवली. त्या वेळी ज्यांच्या साइटवर खोदकाम चालू होतं, तेवढ्याच कंपन्या. पत्ता मालकाचा किंवा संचालकाचा नाही, तर प्लॅनिंग किंवा क्वांटिटीचं काम बघणाऱ्या माणसाचा. संचालक अशी ईमेल वाचून "छान" म्हणतो आणि ती तिथेच मरते. ज्याला सोमवारच्या मीटिंगमध्ये 'किती उरलं' याचं उत्तर द्यावं लागतं तोच पुढे वाचतो. या वेळी फोटो किंवा व्हिडिओ काही जोडलं नाही. विषयाची ओळ होती: 'खड्ड्यातून किती माती निघाली, किती उरली: चार उड्डाणांची चाचणी'. मजकूर असा होता:

"आपल्या साइटवर खोदकाम चालू आहे असं दिसलं. आम्ही चार आठवडे, आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत ड्रोन उडवून एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ: गेल्या आठवड्यात जागेवरची किती घनमीटर माती निघाली आणि आराखड्यातल्या तळापर्यंत किती उरली. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, एका पानावर.

आमचा आकडा आपण तपासावा. पहिल्या आणि शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी आपल्या सर्व्हेयरने आपल्या यंत्राने, त्याला हव्या त्या पंधरा ठिकाणची उंची घ्यावी. आमची आणि त्याची उंची किमान तेरा ठिकाणी ३ सेंटीमीटरच्या आत जुळली नाही, तर चाचणीचे पैसे देऊ नयेत. शिवाय साइटवरची एक न हलणारी जागा आपण मिळून ठरवू. तिथे दर आठवड्याला आमचा पृष्ठभाग किती सरकला तो आकडा प्रत्येक अहवालात वर छापू.

इमारतीच्या आतली प्रगती, सळई, पाण्याखालचा तळ हे आम्हाला दिसत नाही. फोटो आपले राहतील, आम्ही जाहिरातीत वापरणार नाही. उड्डाणाच्या परवानग्या आमच्याकडे, साइटच्या सुरक्षेचे नियम आपले."

शेवटच्या परिच्छेदावर जोडीदाराशी माझा वाद झाला. काय दिसत नाही ते सांगून कोणी धंदा करतं का, असं त्याचं म्हणणं. न हलणाऱ्या जागेचं वाक्य मात्र त्याचंच होतं आणि ते मला अनावश्यक वाटत होतं. पंधरा ठिकाणची तपासणी आहेच की, आणखी हे कशाला? शेवटी त्याचं वाक्य ठेवलं, माझा परिच्छेद ठेवला. अकरापैकी चौघांची उत्तरं आली आणि एकाशी काम ठरलं. तीन ओळींवाल्या मॅडमशीच. त्यांनी अट वाचून एवढंच विचारलं की ३ सेंटीमीटर हा आकडा आणला कुठून.

आकडा हवेतून काढलेला नव्हता. आमच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याने ६० मीटरवरून काढलेल्या फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण १.६ सेंटीमीटर. शेकडो फोटो एकमेकांवर चढवून पृष्ठभाग तयार होतो. त्यासाठी प्रत्येक फोटो पुढच्या फोटोशी ८० टक्के आणि शेजारच्या रांगेशी ७० टक्के जुळावा लागतो, म्हणजे जमिनीचा प्रत्येक तुकडा अनेक दिशांनी दिसतो. आडव्या मापात चूक ठिपक्याएवढीच राहते, पण उंचीत ती दीडपट-दुपटीपर्यंत जाते, कारण उंची थेट दिसत नाही, दोन नजरांमधल्या कोनावरून काढावी लागते. म्हणून उंचीसाठी ३ सेंटीमीटर. याहून कमी लिहिलं असतं तर मोठेपणा झाला असता, जास्त लिहिलं असतं तर त्यांच्या बिलाला उपयोग नव्हता.

उपयोग नव्हता याचं कारण सोपं आहे. खड्डा ६० मीटर बाय ९० मीटरचा होता, म्हणजे ५,४०० चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावर १ सेंटीमीटर म्हणजे ५४ घनमीटर माती. डंपरच्या हिशोबात जवळपास पाच खेपा. इथे एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, माझ्याही फार उशिरा आली. एखाद्या ठिकाणी पृष्ठभाग २ सेंटीमीटर वर, शेजारी २ सेंटीमीटर खाली अशी चूक असेल, तर घनफळात ती आपोआप विरघळते, कारण वरखाली एकमेकांना खाऊन टाकतात. पण सगळा पृष्ठभाग एकाच दिशेला सरकला तर एकही चूक विरघळत नाही. सगळ्या चुका हात धरून एका रांगेत उभ्या राहतात आणि थेट बिलात जातात.

पहिलं उड्डाण सुरळीत झालं. साइटवर टॉवर क्रेन होती, तिचा आडवा हात जमिनीपासून ४० मीटरवर. क्रेनचालकाशी बोलून, जेवणाच्या सुट्टीत हात थांबल्यावर आम्ही ६० मीटरवरून उडालो. खड्डा तोपर्यंत साडेतीन मीटर उतरला होता, म्हणजे तळासाठी उंची साडेत्रेसष्ट मीटर. खोल खड्ड्यात हे विसरलं तर काठावरचे फोटो छान आणि तळाचे भुरकट येतात, शिवाय काठावरच्या उंच भागात फोटोंचा मेळ कमी पडतो. पाच ठिकाणी काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या खुणा मांडल्या होत्या. त्यांची उंची साइटच्या बेंचमार्कवरून, म्हणजे जिची उंची आधीच पक्की ठरलेली असते त्या खुणेवरून, घेतलेली.

मॅडमच्या सर्व्हेयरने पंधरा ठिकाणं निवडली तीही आम्हाला अडचणीत आणायच्या हेतूनेच. ते बरंच झालं. दोन तर उतारावर अगदी कडेला. चौदा जुळली. पंधरावं ७ सेंटीमीटरने चुकलं, ते कडेवरच्या भुसभुशीत मातीत होतं आणि तिथे त्याची काठीच रुतली होती. हे त्याने स्वतःहून कबूल केलं, तरी मी अहवालात ते 'चुकलं' म्हणूनच लिहिलं.

खाली उतारावर काठी धरून उभ्या असलेल्या त्याच्या मदतनिसाकडे बघताना मला आमच्या विद्येचा जन्म आठवला. आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुविशारद १८५८ मध्ये वेत्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. मग त्याच्या मनात आलं की भिंतीवर लोंबकळण्याऐवजी भिंतीच्या फोटोवरून मापं का घेऊ नयेत. फोटोवरून मापं काढण्याच्या या पद्धतीला आज जे नाव आहे, फोटोग्रामेट्री, तेही त्याच्याच नावावर १८६७ पासून चालत आलंय. म्हणजे आमची विद्या बांधकामाच्या मोजमापातून आणि एका माणसाच्या भीतीतून निघाली आहे. ड्रोन फार नंतरचा.

न हलणाऱ्या जागेची निवड मात्र फजितीची झाली. साइट ऑफिसच्या कंटेनरचं छप्पर मला आदर्श वाटलं होतं. सपाट, स्वच्छ, वर कुणी चालत नाही. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर कंटेनर क्रेनने उचलून पलीकडे ठेवलेला. नशिबाने जोडीदाराने पहिल्या दिवशीच आणखी एक जागा नोंदवून ठेवली होती: फाटकापासून चाकं धुण्याच्या जागेपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता, सुमारे ४०० चौरस मीटर, त्याच्या कडेचे दगड, आणि साइटच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गटाराच्या चेंबरचं झाकण. दुसऱ्या आठवड्यात हा रस्ता ०.६ सेंटीमीटर सरकलेला दिसला. म्हणजे सरकलाच नव्हता.

त्या आठवड्यात खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाणी साचलं होतं. पाण्याचा पृष्ठभाग दर फोटोत वेगळा दिसतो, त्यामुळे फोटोंची जुळणी तिथे साफ कोलमडते आणि मॉडेलमध्ये काटेरी झुडूप उगवल्यासारखं दिसतं. तेवढा १५० चौरस मीटरचा तुकडा आम्ही हिशोबातून वगळला आणि तसं लिहिलं. बाकी निघालेली माती आली ३,६२० घनमीटर. ठेकेदाराकडे ३२५ खेपांची नोंद होती, प्रत्येकी १४ घनमीटर धरून ४,५५०. हा फरक भांडणाचा नाही, मातीच्या स्वभावाचा आहे. जमिनीत दाबून बसलेली माती खणली की फुगते. त्याच मातीला डंपरमध्ये पाव हिस्सा जागा जास्त लागते. करारात पैसे जागेवरच्या मातीचे होते, डंपरमधल्या फुगलेल्या मातीचे नव्हेत. ४,५५० भागिले ३,६२० म्हणजे १.२६, अगदी अपेक्षेतलं.

तिसऱ्या आठवड्यात जोडीदार तापाने पडला आणि सगळं मी एकट्याने केलं.

आमचा ड्रोन आपली जागा स्वतः बरोबर सांगू शकत नाही. त्याला साइटवर तिवईवर उभ्या केलेल्या दुसऱ्या यंत्राची मदत लागते, त्याला आम्ही बेस म्हणतो. बेस माहीत असलेल्या खिळ्यावर उभा असतो. त्या खिळ्याची उंची आपण त्याला सांगतो, आणि खिळ्यापासून वरची अँटेना किती उंच आहे तेही टेपने मोजून सांगतो. मग तो आकाशातून येणाऱ्या संकेतांतली चूक ओळखून ड्रोनला कळवत राहतो. अँटेनाची उंची दोन प्रकारे मोजतात: तिच्या बुडापर्यंत, किंवा तिच्या अंगावर रेघ असते तिथपर्यंत. बुडापर्यंत मोजलं तर वरचा फरक सॉफ्टवेअर स्वतः मिळवतं. जोडीदार नेहमी बुडापर्यंत मोजायचा आणि यंत्रात तशीच निवड करून ठेवलेली होती. मी रेघेपर्यंत मोजलं आणि निवड बघितलीच नाही. फरक दोनदा मिळवला गेला.

या चुकीचं सौंदर्य असं की तिचा कुठेही आवाज झाला नाही. पाच खुणांपैकी तीन पोकलेनने उखडल्या होत्या, म्हणून मी नव्या मांडल्या आणि पाचही खुणांच्या उंच्या हातातल्या यंत्राने पुन्हा घेतल्या. ते यंत्रही त्याच बेसचं ऐकणारं. तपासणीसाठी वेगळी ठेवलेली चार ठिकाणंही त्यानेच मोजली. म्हणजे ड्रोन, खुणा आणि तपासणी, तिघेही एकाच खोट्या साक्षीदाराचे चेले. सॉफ्टवेअरने सगळ्यांचे जबाब जुळवले आणि उंचीतली सरासरी चूक १.३ सेंटीमीटर अशी देखणी ओळ छापून दिली. मी ती ओळ अहवालात ठळक केली. न हलणाऱ्या जागेचा आकडा काढायला आणखी तासभर लागला असता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तो रकाना काढूनच टाकला.

निघालेली माती: ३,२१० घनमीटर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. ठेकेदाराच्या खेपा ३१०, म्हणजे ४,३४० घनमीटर. "या वेळी गुणोत्तर १.३५ येतंय," त्या म्हणाल्या.

मी तयारच होतो. माती कुठे किती फुगते हे तिच्या जातीवर असतं, चिकट मातीत ३५ टक्केसुद्धा होऊ शकतं, डंपर कधी शिगोशीग तर कधी कमी भरतात, असं सगळं मी छान समजावून सांगितलं. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फुगण्याचा आकडा इतका सैल असतो की त्याच्या खिशात कुठलीही चूक मावते, हे मात्र मी त्या वेळी सांगितलं नाही, कारण मला स्वतःला ते दिसत नव्हतं.

"माती तीच आहे, डंपर तेच आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात १.२६ होतं. आणि तुमच्या ईमेलमध्ये न हलणाऱ्या जागेचा आकडा दर वेळी वर छापू असं लिहिलं होतं. या वेळी तो दिसत नाही."

फोन ठेवला आणि रस्त्याचा तुकडा काढून मागच्या आठवड्याशी ताडून पाहिला. रस्ता ४.४ सेंटीमीटर वर आला होता.

माणूस अशा वेळी आधी सबब शोधतो. माझी सबब होती चिखल. चाकांबरोबर येणारा चिखल रस्त्यावर बसतो, दोन-तीन सेंटीमीटर सहज. मग कडेच्या दगडांचे माथे पाहिले, ज्यांच्यावरून चाक जात नाही. तेही ४.३ ने वर. मग साइटच्या दुसऱ्या टोकाचं चेंबरचं झाकण पाहिलं: ४.५. इथे मात्र सबब संपली, आणि चुकीची जातही कळली. एखादी खूण खचली असती तर पृष्ठभाग एका बाजूला कलला असता. कॅमेऱ्याच्या भिंगाचा हिशोब बिघडला असता तर मधोमध फुगवटा आणि कडांना उतार दिसला असता, वाडगं पालथं घातल्यासारखा. इथे दोन्ही टोकांना तोच आकडा होता. सगळी साइट एकसंध उचलली गेली होती, आणि एवढ्या इमानदारीने सगळी साइट फक्त बेसच उचलू शकतो. जोडीदाराला फोन केला. तो तापातच म्हणाला, "बूड की रेघ?"

दुरुस्ती कशावरून करायची हा पुढचा प्रश्न, आणि तिथे एक मोह होता. खेपांचं ४,३४० घ्यायचं, १.२६ ने भागायचं आणि आलेला आकडा आपला म्हणून द्यायचा. पण मग आम्ही मोजलं काय? ज्या आकड्याची तपासणी करायला बोलावलं त्याच्यावरूनच आपलं माप सुधारायचं, म्हणजे साक्षीदाराने आरोपीला विचारून जबाब देण्यासारखं. म्हणून बेसच्या नोंदीत उंची दुरुस्त करून सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून चढवले. रात्र गेली. सकाळी रस्ता आणि चेंबरचं झाकण दोन्ही जवळपास शून्यावर आले होते, आणि निघालेली माती ३,४५० घनमीटर. त्यानंतर मी खेपांना हात लावला: गुणोत्तर १.२६.

२४० घनमीटरचा फरक. एकवीस-बावीस डंपर माती, जी एका माणसाने प्रत्यक्षात काढून नेली होती आणि जी मी एका टेपच्या जोरावर त्याच्या बिलातून पुसणार होतो. पुढच्या आठवड्यात बेस बरोबर लागला असता तर हीच माती उलट बाजूने जास्तीची म्हणून आली असती, आणि एकूण बेरीज जुळल्यामुळे कुणालाच काही कळलं नसतं. ठेकेदाराला एका महिन्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त मिळालं असतं, आणि दोन्ही वेळा त्याने आरडाओरडा केला असता तर आम्ही त्याला माती कशी फुगते ते समजावलं असतं.

मॅडमना लिहिलेली ईमेल आमच्या कंपनीची आजवरची सर्वांत छोटी ईमेल आहे. आधी चुकीचा आकडा, मग बरोबर आकडा, चूक का झाली ते एका वाक्यात, रस्त्याचे आणि झाकणाचे दुरुस्तीआधीचे व नंतरचे आकडे. माफी एका शब्दाची. या उड्डाणाचे पैसे लावू नयेत, असंही लिहिलं. उत्तर आलं: "पोहोचलं. पैसे लावा. रकाना काढू नका."

चौथ्या उड्डाणाला जोडीदार आला. बेस लावताना त्याने बूड मोजलं, मी रेघ मोजली आणि दोन्हींतला फरक अँटेनाच्या कागदाशी ताडला. सर्व्हेयरची पंधरा ठिकाणं पुन्हा झाली, त्याच्या टोटल स्टेशन नावाच्या सर्व्हेच्या यंत्राने, साइटच्या स्वतःच्या बेंचमार्कवरून, म्हणजे आमच्या बेसशी काडीचाही संबंध नसलेली. पंधराच्या पंधरा जुळली. या वेळी माती निघाली होती २,७०० घनमीटर.

इथे आमची आणखी एक गोष्ट चुकली, तिची ईमेलमध्ये तरतूदही नव्हती. तिसऱ्या आठवड्याच्या दुरुस्त अहवालात मी उरलेली माती ५,५३० घनमीटर दिली होती आणि खाली हौसेने लिहिलं होतं, याच वेगाने अकरा दिवसांत तळ लागेल. आकड्याला मी सरळ रेघ जोडली होती. पण खड्डा तळाशी पोहोचू लागला की तिथे एका वेळी कमी पोकलेन मावतात, आणि सर्वांत शेवटी ज्याच्यावरून डंपर वर येतात तो रॅम्पच खणायचा असतो. त्याच्यावरून तो स्वतः कसा बाहेर येणार? तो मागे सरकत सरकत, लांब हाताच्या पोकलेनने, संथपणे काढावा लागतो. उरलेल्या २,८३० पैकी ९०० घनमीटर एकटा रॅम्प होता. मॅडमच्या वेळापत्रकात रॅम्पसाठी वेगळे सहा दिवस पहिल्यापासून होते. त्यांनी माझ्या अकरा दिवसांच्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून शेजारी 'रॅम्प' एवढंच लिहिलं होतं. आता आम्ही किती उरलं ते देतो, रॅम्प वेगळा दाखवतो आणि कधी संपेल हे ज्यांच्याकडे वेळापत्रक आहे त्यांना ठरवू देतो.

चाचणी संपल्यावर जोडीदाराने आमची ती दुसरी ईमेल पुन्हा काढली आणि तिच्यात दोन बदल केले. 'आपल्या सर्व्हेयरने' या शब्दांच्या पुढे 'आमच्या यंत्राशी संबंध नसलेल्या बेंचमार्कवरून' एवढं घातलं. आणि 'एक न हलणारी जागा' खोडून 'साइटच्या दोन टोकांना दोन न हलणाऱ्या जागा' असं केलं. कंटेनरचा विषय त्याने काढला नाही.

पुढच्या कामाची विचारणा महिन्याभराने आली. आता पायाचे खांब, मग बाजूच्या भिंतीमागची भरणी, महिन्यातून दोनदा उड्डाण. अटी त्याच, तेरा ठिकाणं तीच, रकाना तोच. खाली मॅडमनी आणखी एक ओळ जोडली होती:

"त्या काँक्रीटच्या रस्त्याखालून ड्रेनेजची लाईन टाकायची आहे, पुढच्या सोमवारी फोडायला घेतोय. दुसरी न हलणारी जागा शोधून ठेवा."